सोमवारचा आढावा: हसू सगळ्यांना, टोमणा निर्णयाला

प्रश्न: आमच्या ऑफिसात आम्ही 14 जण आयपीएलची फँटसी लीग खेळतो. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा गमतीदार आढावा मी ग्रुपवर टाकायचा असं ठरलंय. पहिल्या दोन आढाव्यांना लोक खूप हसले, पण एक ज्येष्ठ सहकारी तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मजा तर यायला हवी, पण कोणाला लागायला नको. कसं लिहू?

उत्तर:

मी जळगावकडच्या एका ऑफिसात असं लिहायला लागलो त्याला आता बरेच सीझन झाले. पहिल्या वर्षी माझंही तुमच्यासारखंच झालं होतं, ते पुढे सांगतो. त्याआधी एक खरा सामना घेऊन दाखवतो, म्हणजे कोणता टोमणा चालतो आणि कोणता नाही ते नीट दिसेल.

9 एप्रिल 2023, रविवार. अहमदाबादला दुपारी गुजरात विरुद्ध कोलकाता. आमची लीग एका साध्या शीटवर चालते: धावेला 1 गुण, षटकाराला 2 जादा, बळीला 25, अर्धशतकाला 8, शतक झालं तर त्याऐवजी 16, आणि कर्णधाराचे सगळे गुण दुप्पट. कर्णधार प्रत्येक सामन्याला बदलता येतो, सामना सुरू होईपर्यंत. पैसे नाहीत. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, पण आम्ही त्याआधीही पैसे लावत नव्हतो, कारण शंभर रुपये जरी गेले असले तरी माणसाला सोमवारी टोमणा वेगळाच लागतो. सीझन संपला की सगळे सारखी वर्गणी काढून जेवतो. तोवर भरिताची वांगी संपलेली असतात, त्यामुळे शेवभाजीवर भागवावं लागतं, हे एकच दुःख.

तर त्या रविवारी आमच्या यादीत वर होते आप्पा. (खरी नावं बाजूला ठेवतो, एकाला आप्पा म्हणू, दुसऱ्याला भाऊ.) आप्पांचा कर्णधार राशिद खान. 17 व्या षटकात राशिदने रसेल, नरेन आणि शार्दुल यांना ओळीने बाद केलं. हॅटट्रिक. तीन बळींचे 75, दुप्पट होऊन 150. आप्पांनी लगेच ग्रुपवर टाकलं, "पार्टी कोणत्या तारखेला ठेवायची ते सांगा."

भाऊंना कर्णधार करायचा होता रसेल. शीटच्या यादीत ही दोन नावं शेजारीशेजारी होती, बोट घसरलं आणि कर्णधार झाला रिंकू सिंग. सामना सुरू झाल्यावर हे लक्षात आलं तेव्हा भाऊ बराच वेळ स्वतःला शिव्या घालत होते. शेवटचं षटक सुरू झालं तेव्हा आप्पा भाऊंच्या 63 गुणांनी पुढे होते. कोलकात्याला 29 धावा हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर उमेश यादवने एक धाव काढली आणि पुढच्या पाचही चेंडूंवर रिंकूने षटकार मारले. तीस धावा, षटकारांचे जादा 10, एकूण 40, आणि कर्णधार म्हणून 80. भाऊ 17 गुणांनी पुढे. ज्या रसेलसाठी ते हळहळत होते, तो राशिदच्याच हॅटट्रिकमध्ये गेला होता. रात्रीच्या सामन्यात फरक थोडा खालीवर झाला, क्रम मात्र तोच राहिला.

आढावा लिहिणाऱ्याला याहून काय हवं? पण मी पहिल्यांदा जे लिहिलं ते असं होतं:

"आप्पांचा भाव म्हणजे कापसाचा भाव. सकाळी वर, संध्याकाळी जमिनीवर."

वाक्य मला फार आवडलं होतं. पाठवायच्या आधी बायकोला वाचून दाखवलं. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही, म्हणूनच तिला दाखवतो. ती म्हणाली, "आप्पांच्या घरी कापूस पडून आहे ना अजून?" होता. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या घरी ही परिस्थिती असते. आप्पा ते वाचून हसलेही असते, पण घरी जाऊन त्या ढिगाकडे बघताना त्यांना माझं वाक्य आठवलं असतं. तेव्हापासून खानदेशात बसून लिहिताना कापसाचा भाव, वादळाने आडव्या झालेल्या केळी आणि विहिरीचं पाणी या तीन गोष्टी माझ्या आढाव्यात येत नाहीत. ऊन येतं, कारण ते सगळ्यांना सारखंच लागतं.

मग जे पाठवलं ते हे:

"आप्पांनी 17 व्या षटकात पार्टीची तारीख मागितली. 20 व्या षटकानंतर ग्रुपवर शांतता होती. आप्पा, तारीख ठरली आहे, फक्त यजमान बदलले आहेत. भाऊंनी मात्र या आठवड्यात एक नवा सिद्धांत मांडला: अभ्यास करून रसेल निवडावा, आणि मग बोट घसरावं."

या तीन-चार वाक्यांत आप्पांविषयी असं काहीच नाही जे त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलेलं नाही. वेळ त्यांची, शब्द त्यांचे. मी फक्त 17 वं आणि 20 वं षटक शेजारी ठेवलं. भाऊंची घसरलेली बोटंही त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली होती. चेष्टा झाली ती एका रविवारच्या एका निर्णयाची. पुढच्या रविवारी निर्णय बदलतो, चेष्टाही शिळी होते. माणसाच्या स्वभावाची चेष्टा केली की तो पुढच्या सोमवारीही तोच माणूस असतो, आणि तुमचं वाक्य त्याला चिकटून राहतं. "आप्पा नेहमीच घाई करतात" असं लिहिलं असतं तर ते क्रिकेटबद्दल राहिलंच नसतं. मंगळवारी कुठलंसं बिल चुकलं असतं तेव्हा कोणीतरी ते वाक्य काढलं असतं.

म्हणून लिहून झालं की एक तपासणी करतो. प्रत्येक टोमण्यातून क्रिकेटचे शब्द काढून टाकतो आणि उरलेलं वाचतो. "आप्पांनी 17 व्या षटकात पार्टी मागितली" यातून क्रिकेट काढलं तर काही उरतच नाही. "भाऊंना जबाबदारी दिली की गोंधळ होतो" यातून काढायला क्रिकेट नाहीच, ते सरळ साहेबांच्या टेबलावर जाऊन पडतं. ज्या वाक्यातून क्रिकेट काढल्यावर कामाबद्दलचा शेरा उरतो, ते वाक्य कितीही जमलेलं असो, जातं. टार्गेट, इन्क्रिमेंट, रजा, उशिरा येणं, हे शब्द तर मी आढाव्यात येऊच देत नाही.

दैवाची चेष्टा मात्र बिनधास्त करावी, तिथे कोणाची चूक नसते. त्याच रात्री हैदराबादविरुद्ध शिखर धवन 99 धावांवर नाबाद राहिला. पंजाबचा डाव संपला, शतक राहिलं. आमच्या एका ताईंचा तो कर्णधार होता. एक धाव आणखी झाली असती तर धावेचा 1 आणि शतकाचे 8 जादा, असे 9, दुप्पट 18. ताई दुसऱ्या नंबरापासून 14 गुणांनी मागे राहिल्या. मी लिहिलं, "ताईंना एका धावेची उधारी आहे. कोणाकडे सुटी असेल तर द्या." ताई दिवसभर ज्याला त्याला "सुटी आहे का" विचारत होत्या. विनोद बरा होता याची खूण हीच: ज्याच्यावर केला तोच तो पुढे चालवतो.

या ताईंवरून आणखी एक. बायकांची टीम चांगली आली की "घरून कोणी लावून दिली?" असं लिहायचा मोह पुष्कळांना होतो. हा विनोद इतका घासून झालाय की त्यात हसू उरलेलं नाही, अपमान मात्र ताजाच असतो. आमच्या ताई नाणेफेक झाली की खेळणारे अकरा बघतात, इम्पॅक्ट प्लेअर कोण उतरू शकतो याचा अंदाज घेतात आणि मग टीम लावतात. मी स्वतः इतकं करत नाही.

आता शेवटच्या नंबराचं. लीगमध्ये कोणीतरी शेवटी असणारच, आणि बहुतेक वेळा तोच तोच असतो. दर सोमवारी त्याचा नंबर जाहीर करणं म्हणजे शाळेत बाकावर उभं करणं. मी शेवटचे तीन-चार नंबर आढाव्यात लिहीत नाही, शीटवर आहेतच, ज्याला बघायचे तो बघेल. पण त्याला वगळतही नाही, कारण नाव न येणं हेही लागतं. त्याच्यासाठी मी एकांडा खेळाडू शोधतो, म्हणजे 14 जणांत फक्त त्यानेच घेतलेला. शीटवर प्रत्येकाचा एक स्तंभ, खाली अकरा नावं, आणि बाजूला Q स्तंभात सगळ्या खेळाडूंची यादी असेल तर तिच्या शेजारी हे एवढं टाकायचं:

```
=COUNTIF($B$2:$O$12,Q2)
```

ज्याच्यापुढे 1 येईल तो एकांडा. आश्चर्य म्हणजे मागे असलेल्यांकडेच असे खेळाडू जास्त सापडतात, कारण पुढचे सगळे तीच दहा नावं घेऊन बसलेले असतात. मग लिहिता येतं, "या खेळाडूवर अख्ख्या ऑफिसात एकट्या अण्णांचा विश्वास होता. खेळाडूने 38 धावा काढल्या. बाकीच्या तेरा जणांनी अण्णांची माफी मागावी." अण्णा शेवटून पहिले असतात, पण त्या दिवशी चहाच्या टपरीवर छाती पुढे काढून उभे असतात.

आता माझी चूक. पहिल्या सीझनला एका सहकाऱ्याने सलग तीन दिवस टीम बदललीच नाही. संघाबाहेर बसलेले दोन खेळाडू तसेच, कर्णधारही बाहेर. मी लिहिलं, "आमचे कुंभकर्ण अजून उठलेले नाहीत, ढोल-ताशे मागवले आहेत." तेरा जण हसले. त्याने अंगठा टाकला. बुधवारी शिपायाकडून कळलं की त्याचे वडील शुक्रवारपासून दवाखान्यात होते आणि तो रात्री तिथे बाकड्यावर झोपत होता. झोपेवरूनच विनोद केला होता मी.

मी त्याच्या टेबलापाशी गेलो, बाहेर घेऊन आलो आणि चुकलो म्हणालो. ग्रुपवर माफी मागितली नाही. तशी मागितली असती तर त्याने ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांनाही त्याच्या घरची गोष्ट कळली असती, आणि सगळ्यांनी त्यालाच "अरे काय झालं, सांगितलं नाहीस" म्हणून घेरलं असतं. तेव्हापासून न केलेल्या गोष्टीवर मी लिहीतच नाही. टीम लावली नाही, बदल केला नाही, यामागे काय असतं ते शीटवर दिसत नाही. केलेल्या गोष्टीवर लिहावं: निवडला, बदलला, काढला, ग्रुपवर बोलला.

त्या अंगठ्याबद्दल थोडं अजून. हसणारे किती ते मोजू नका, ज्याच्यावर लिहिलं त्याचं उत्तर बघा. त्याने उलट टोमणा मारला तर सगळं ठीक आहे. "तुझी टीम बघ आधी भो" असं आलं की मी निर्धास्त. नुसता अंगठा, किंवा काहीच नाही, आणि एरवी बोलणारा माणूस असेल, तर त्या आठवड्यात त्याच्याकडे लक्ष ठेवतो. आणखी एक खूण आहे, ती उशिरा कळते: तुम्ही दिलेलं टोपणनाव ग्रुपच्या बाहेर यायला लागतं. मीटिंगमध्ये कोणी "विचारा की कुंभकर्णाला" म्हणालं, की समजायचं ते नाव आता तुमच्या हातात राहिलेलं नाही. म्हणून टोपणनावं मी देतच नाही. एखाद्याने स्वतःला दिलेलं असेल तर तेवढं वापरतो.

आपल्याकडे आणखी एक नाजूक जागा आहे, भाषेची. ऑफिसात धुळ्याकडचे अहिराणी बोलणारे असतात, यावल-रावेरकडचे लेवा बोली बोलणारे असतात, आणि पुण्याहून बदलून आलेला एखादा असतोच. अहिराणीतलं एखादं वाक्य टाकलं की आढाव्याला लगेच चव येते, खरं आहे. पण ज्याची ती घरची बोली आहे त्यानेच ते लिहावं, आणि शक्यतो स्वतःबद्दल लिहावं. दुसऱ्याच्या तोंडी त्याची बोली घालून हसवलं तर ऐकणाऱ्याला ती टीमची चेष्टा वाटत नाही, त्याच्या आईच्या बोलण्याची वाटते. माझ्या टीमची वाट लागते तेव्हा मी घरच्या बोलीत रडतो, तेवढं पुरतं.

साहेब लीगमध्ये असतील तर त्यांच्यावर इतरांइतकंच लिहायचं. कमी लिहिलं तर लोक म्हणतात चमचा, जास्त लिहिलं तर राग काढतोय. मी शीटच्या कोपऱ्यात एक रकाना ठेवलाय, त्यात प्रत्येकाचा उल्लेख किती वेळा आला ते नोंदवतो. पहिल्यांदा मोजलं तेव्हा पाच आठवड्यांत एकाच माणसावर सहा टोमणे निघाले. तो बोलका होता, साहित्य पुरवायचा, म्हणून मला ते जाणवलंच नव्हतं. ओळीने दोन आठवडे एकाच माणसावर मुख्य विनोद करत नाही, मग दुसऱ्या रविवारी त्याने कितीही मोठा घोळ घातलेला असो. आणि सुरुवात स्वतःच्या टीमपासून. मात्र स्वतः पहिला आलो असेन तर खोटी नम्रता दाखवत नाही, त्या आठवड्यात माझा परिच्छेद भाऊंना लिहायला देतो. ते सोडत नाहीत.

लांबी अडीचशे-तीनशे शब्द, त्याहून जास्त कोणी फोनवर वाचत नाही. रविवारी रात्री सामना संपल्यावर लिहितो पण पाठवत नाही. रात्री जे फार धारदार वाटतं त्यातलं एखादं वाक्य सकाळी हमखास कापावं लागतं. पाठवल्यावर व्हॉट्सॲपवर दुरुस्तीला 15 मिनिटंच मिळतात, आणि तोवर निम्म्यांनी वाचलेलं असतं.

संशय आला तर त्या माणसालाच आधी विचारावं का? मी विचारायचो. सोडून दिलं. समोरासमोर विचारलं की आपल्याकडे कोण नाही म्हणतो? "अरे टाक भो, काही नाही त्यात," असंच उत्तर येतं, आणि मग त्याला लागलं तरी बोलायची सोय उरत नाही, कारण परवानगी त्यानेच दिलेली असते. विचारावंसं वाटलं म्हणजे वाक्य काढायचं, एवढाच अर्थ मी घेतो.

तुमच्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं. तुमचे दोन्ही आढावे काढा आणि त्यांच्याविषयीची वाक्यं क्रिकेटचे शब्द काढून वाचा. बहुधा एखादं सापडेल ज्यात वय, सवय किंवा काम उरतं. सापडलं तर या सोमवारच्या आधी त्यांना एकटं गाठा, चहाला न्या आणि ते नेमकं वाक्य घेऊन चुकलं म्हणा. "कोणाला काही लागलं असेल तर" असं गोल गोल नको, ते लागलंय हे दोघांनाही माहीत आहे. नाही सापडलं, तरीही चहाला न्या, पण लीगचा विषय काढू नका. कदाचित त्यांचं कारण तुमच्या आढाव्यात नसेलच. सोमवारी त्यांच्यावर लगेच कौतुकाचा परिच्छेदही लिहू नका, तो मलमासारखा दिसतो. त्यांचा एकांडा खेळाडू निघाला तर एका ओळीत घ्या, नाही निघाला तर नाव इतरांबरोबर येऊ द्या आणि त्यांच्याकडून पहिला उलटा टोमणा यायची वाट बघा. माझ्या त्या सहकाऱ्याचा सात आठवड्यांनी आला. माझा कर्णधार शून्यावर गेला होता आणि त्याने ग्रुपवर विचारलं होतं, "ढोल-ताशे कोणाकडे पाठवू?"